कुतुबुद्दीन पिंजाऱ्याचा होकार

माणूस राजा असो की रंक, आपल्या देहाचा धनी तो स्वतः. त्याच्या परवानगीवाचून त्याच्या अंगाला सुरी लावण्याचा अधिकार कुणाला नाही. हे इंग्रज लिहून गेला, आपण ते तसंच ठेवलं आणि कोल्हापुरातल्या त्या धर्मादाय इस्पितळाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर ते छापूनही घेतलं. चार नंबरच्या वॉर्डात या थोर तत्त्वाची अंमलबजावणी वॉर्डबॉय बाळासो करायचा. डाव्या हातात शाईचा पॅड, उजव्या हातात रुग्णाचा अंगठा. दाबला, टेकवला, झालं. शुद्धीवर असलेल्याला तो ‘पावणं, जरा अंगठा’ म्हणायचा. शुद्धीवर नसलेल्याला तेवढंही म्हणायचा नाही. पॅड वाळला असला तर त्यावर थुंकायचा.

१९८२ सालच्या त्या सोमवारी दुपारी तीन वाजता डॉ. आकाराम चौगुलेच्या हातात सर्जनसाहेबांची चिठ्ठी पडली. आकाराम औषधोपचार विभागाचा तरुण डॉक्टर. मूळचा चंदगडकडचा, मिरजेला शिकलेला, आणि जन्मजात घाबरट. कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी आपलं काय चुकलं हे तो आधी मनात शोधायचा. चिठ्ठी डॉ. हंबीरराव मोहित्यांची होती. मोहिते म्हणजे इस्पितळातला शेवटचा शब्द. चिठ्ठीत लिहिलं होतं:

‘कुतुबुद्दीन पिंजारी, वय ७८, कॉट ११. मधुमेह, उजव्या पावलाला गँगरीन. पाय काढणे आवश्यक, उद्या सकाळी ११. सकाळी राउंडला होकार दिला, तेव्हा पूर्ण शुद्धीवर. दुपारी नकार दिला, तेव्हा भ्रमिष्ट. कृपया तसा दाखला द्यावा.’

आकारामनं चिठ्ठी दोनदा वाचली. हो म्हणणारा शहाणा आणि नाही म्हणणारा खुळा, हा नियम घराघरांत चालतो, पण त्यावर डॉक्टरची सही मागितलेली तो पहिल्यांदाच बघत होता. दाखला नाही दिला तर मोहिते. दिला आणि उद्या कोर्टात कुणी विचारलं, तर वकील. आणि या दोघांच्या मधे, अकरा नंबरच्या कॉटवर, एक म्हातारा आणि त्याचा पाय.

म्हातारा कामात होता. डोळे अर्धवट मिटलेले, आणि दोन्ही हातांची बोटं चादरीवरून एकसारखी चालत होती. काहीतरी उचलायची, ओढायची, विंचरायची आणि बाजूला ठेवायची. उशीचा कोपरा फाटून कापूस बाहेर आला होता. पायाला बँडेज होतं, तरी वास खोलीभर होता, आणि बँडेजच्या वर नडगीवर लाली चढली होती.

“धंदाच हाय त्याचा,” बाळासोनं कौतुकानं सांगितलं. “मंगळवार पेठेत गाद्यांचं दुकान हाय की त्यांचं. जलमभर कापूस पिंजला. आता हिथं बसल्या बसल्या कापूस सोडवतोय. हात गप बसत न्हाईत कारागिराचं.”

वॉर्डातल्या सगळ्यांना याचा मोठा दिलासा वाटत होता. शनिवारच्या नर्सिंगच्या नोंदीत तर चक्क लिहिलं होतं: ‘रुग्ण शांत, आपल्या कामात मग्न.’ शेजारच्या कॉटवाल्यानं घरच्या गादीचं माप देऊन ठेवलं होतं.

आकाराम मात्र त्या बोटांकडे बघत उभा राहिला. मिरजेला सरांनी एका रुग्णाचे असेच हात दाखवले होते. तो माणूस पिंजारी नव्हता, पोस्टमास्तर होता, आणि तोही चादरीतून असंच काहीतरी वेचत होता.

कॉटच्या पायथ्याशी म्हाताऱ्याची बायको अमीरबी बसली होती. आकारामनं तिला विचारलं, “चाची, घरी असताना पण हे असं करतात?”

“न्हाय ओ डाक्टर. घरात कुठं कापूस वेचतोय? तीन वरसं झाली, पिंजायच्या धनुकलीला हात न्हाय लावला.”

“का?”

“इसरतंय की सगळं. गिऱ्हाइकाची गादी तिसऱ्यालाच देतंय. जेवलं तरी जेवलो न्हाय म्हणतंय. पर मला वळखतंय, नमाज पडतंय, दारातनं एकटं जात न्हाय. हे असलं न्हवतं. गुरवारी आणला तवा सरळ बोलत व्हता. शुक्करवारी रातीपास्नं बिघडलं. सकाळी जरा बरं, दुपारी कुठल्या कुठं. काल मला म्हणाला, बाई, तुमचा टांगा कुठं लावलाय?”

आकारामनं वहीत दोन ओळी लिहिल्या. तीन वर्षांचा हळूहळू वाढत गेलेला विसर, हा एक आजार. तीन दिवसांत आलेला, कधी चढणारा कधी उतरणारा गोंधळ, हा दुसरा. घरचे त्याला वात म्हणतात, पुस्तकात डिलिरियम म्हणतात. पहिला जात नाही. दुसऱ्याला बहुतेक वेळा कारण असतं, आणि कारण काढलं तर तो जाऊ शकतो. दुसऱ्याची शिक्षा पहिल्याला द्यायची नसते. हे शेवटचं मात्र त्यानं लिहिलं नाही, नुसतं मनात म्हटलं. लिहिलेलं मोहिते वाचतात.

“चाचा,” तो वाकून मोठ्यानं म्हणाला, “वार उलटे म्हणा बघू. रविवार, शनिवार...”

“रविवार,” कुतुबुद्दीन म्हणाला. “शनवार. बाजार... त्या पोराला म्हणावं, गठडी सोड.”

“चाचा, तुमचा पाय काढायचा का?”

“व्हय.”

मागं उभा असलेला मुलगा दिलदार लगेच म्हणाला, “बघा! व्हय म्हणाले. लिवा.”

“पाय ठेवायचा का, चाचा?”

“व्हय.”

“तुमचा पाय गोव्याला पाठवायचा का?”

“व्हय व्हय. पाठवा.”

शेजारचा कॉटवाला फिसकन हसला. दिलदार हसला नाही. त्याचं तोंड उतरलं होतं. चार रात्री तो या कॉटखाली झोपत होता. “डाक्टर, चेष्टा करायलाय व्हय? माझ्या बापाला मी वळखतो का तुमी?”

“चेष्टा नाही, दिलदारभाऊ. सकाळच्या होकाराची किंमत बघितली. ह्या होकाराएवढीच असली तर सुरी लावता येत नाही. आणि दुपारचा नकार पण तसलाच.”

कागदावर त्यानं लिहिलं: ‘दुपारी ३.४०. लक्ष एका जागी राहत नाही. वार उलटे म्हणता येत नाहीत. पायाविषयी तीन परस्परविरोधी प्रश्नांना एकच उत्तर: व्हय. या घडीला शस्त्रक्रियेबाबत निर्णय घेण्यास असमर्थ. हा निष्कर्ष या घडीपुरता आणि या निर्णयापुरता. कारणे शोधून उपचार करून उद्या सकाळी पुन्हा तपासणी.’

मग त्यानं कारणं शोधायला घेतली. पांघरूण दूर करून पोटावर हात ठेवला आणि थांबला. बेंबीपर्यंत घट्ट गोळा. “सिस्टर, यांना लघवी कधी झाली?”

सिस्टर मार्था आवळे चार नंबरची मुख्य नर्स होत्या, वीस वर्षांची नोकरी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी तक्ता बघितला. “होते आहे. थोडी थोडी, अंथरुणात.”

“होत नाही, तुंबलेली भरून वाहते आहे. आणि हे रात्रीचं झोपेचं इंजेक्शन?”

“शुक्रवारी ओरडत होते म्हणून सुरू केलं. रोज एक.”

“त्यानंच लघवी अडते, सिस्टर, आणि म्हाताऱ्या डोक्यात गोंधळ होतो. गोंधळला की ओरडतो, ओरडला की आपण परत इंजेक्शन देतो.”

सिस्टरांनी लगेच बाळासोला रबरी नळी आणायला पळवलं. नळीतून बाराशे मिलिलिटर निघाली. कुतुबुद्दीननं असा काही निःश्वास टाकला की वॉर्डातल्या तीन माणसांना आपलंच मोकळं झाल्यासारखं वाटलं. त्याची बोटं जरा मंदावली.

“यांना चष्मा आहे का?” आकारामनं विचारलं.

“हाय की,” दिलदार म्हणाला. “घरी ठेवलाय. दवाखान्यात चोऱ्या व्हत्यात.”

“म्हणजे चार दिवस ह्यांना माणसं धुरकट दिसताहेत.”

“पर चष्मा सुरक्षित हाय,” दिलदार म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन सायकल काढायला निघाला.

मोहित्यांनी तो कागद उभ्या उभ्याच वाचला. “असमर्थ? मी तुला दाखला मागितला होता, आकाराम. तू मला गोष्ट लिहून दिलीस.”

“सर, उद्या सकाळपर्यंत थांबलो तर—”

“ताप एकशे दोन. लाली नडगीवर. पाय काय तुझ्या वारांची वाट बघत बसणार आहे? मुलगा तयार आहे. मुलाची सही घे, मोकळा हो.”

“सही घेतो, सर. पण मुलगा काय कायद्यानं नेमलेला पालक नाही. जीव जात असेल आणि रुग्णाला कळतच नसेल तर आपल्या दोघांना तसं लिहून चांगल्या हेतूनं ऑपरेशन करता येतं. मात्र उद्यापर्यंत कळू लागलं तर त्यालाच विचारावं लागेल.” एवढं बोलेपर्यंत आकारामच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

“आणि कळू लागल्यावर तो नाही म्हणाला तर?”

आकाराम कागद परत घेऊन त्याची घडी घालू लागला.

“उद्या अकरा,” मोहिते म्हणाले. “अकराला एक मिनिट झालं तर मी कलम-बिलम ऐकणार नाही. आणि रात्रीत लाली गुडघ्याकडं सरकली तर अकराचीही वाट बघणार नाही.”

सिस्टर मार्थांनी शाईच्या पेन्सिलीनं लालीच्या कडेवर रेघ मारली. पेनिसिलिन, इन्शुलिन, सलाईन चालू होतं. झोपेचं इंजेक्शन तक्त्यावरून खोडलं. आकाराम घरी गेला, जेवला नाही, आणि बायकोनं काय झालं विचारल्यावर ‘काही नाही, लघवी झाली’ म्हणाला.

मंगळवारी सकाळी आठला तो वॉर्डात शिरला तो सरळ पायाकडे. लाली रेघेच्या आत होती. मग वर बघितलं. कुतुबुद्दीन उशीला टेकून बसला होता, चष्मा नाकावर, हात मांडीवर. अमीरबी त्याची दाढी विंचरत होती.

“दिलदारभाऊ, तुम्ही बाहेर थांबा. चाची, तुम्ही बसा. पण बोलायचं नाही.”

“बोलायचं न्हाय?” अमीरबीनं असं विचारलं की जणू श्वास घ्यायचा नाही म्हणालाय.

“त्यांना एखादा शब्द कळला नाही तर तुमच्या घरच्या बोलीत मी म्हणेन तेवढंच सांगा. उत्तर सुचवायचं नाही.”

दिलदार दारापर्यंत गेला आणि अर्धा आत उभा राहिला. सिस्टर मार्थांनी त्याचा उरलेला अर्धा बाहेर ढकलला.

“चाचा, आता कोणतं साल चालू आहे?”

“साल?” म्हाताऱ्यानं विचार केला. “इंग्रज जाऊन... लई दिस न्हाय झालं.”

“हे ठिकाण कोणतं?”

“दवाखाना की. वास येतोय न्हवं.”

“वार उलटे म्हणा. रविवारपासनं.”

“रविवार, शनवार, शुक्करवार, गुरवार...” इथं तो अडला, बोटं मोडली. “बुधवार, मंगळवार, सोमवार. परीक्षा हाय व्हय?”

आकारामचे कान गरम झाले. तो कॉटच्या कडेला टेकला. “चाचा, पायाला काय झालंय?”

कुतुबुद्दीननं बँडेजकडं बघितलं. “काळा पडलाय. बोटं मेल्यात. मला बोटं लागत न्हाईत.”

“असंच ठेवलं तर काय होईल?”

“वर येईल ते. म्हशीला हुतं तसं.”

“वर आल्यावर?”

“मरणार की,” म्हातारा म्हणाला. अमीरबीनं पदर तोंडात धरला, पण बोलली नाही.

“म्हणून मोठे डॉक्टर पाय काढू म्हणतात. काढायचा का?”

“न्हाय.”

बाहेर, दाराच्या फटीत, दिलदारचा श्वास अडकलेला ऐकू आला. अडीच तास उरले होते. नकार शुद्धीतला असेल तर तो तसाच लिहावा लागणार होता, आणि मग या माणसाला, बायकोकडून दाढी विंचरून घेणाऱ्या या माणसाला, त्याच्याच शब्दाखातर चार-सहा दिवसांत मरू द्यावं लागणार होतं. पुस्तकात हा परिच्छेद फार लहान असतो.

“का नाही, चाचा?”

“मांडीपास्नं उडवनार. मग नमाजात सजदा कसा करू? बसायला गुडघा लागतोय. नक्को.”

“मांडीपासनं? असं कुणी सांगितलं?”

“त्यो हाय की शाईवाला. हितनं घेत्यात म्हणाला.” त्यानं आपल्या मांडीवर हात आडवा फिरवला.

बाळासो तेवढ्यात झाडू शोधू लागला. पाय कुठून काढणार हे चार दिवसांत म्हाताऱ्याला मोहित्यांनी सांगितलं नव्हतं, शिकाऊ हाऊसमननं सांगितलं नव्हतं, आणि आकारामनंही काल नाही. माहिती देण्याचं खातं बाळासोनं एकट्यानं सांभाळलं होतं.

आकाराम ऑपरेशन थिएटरकडे जवळजवळ पळत गेला. मोहिते हात धूत होते. “सर, पाय कुठून काढणार?”

“गुडघ्याच्या खालून. मांस चांगलं निघालं तर. खाली रक्त नाही दिसलं तर वर जावं लागेल. आधी शपथ नाही घेत मी.”

आकाराम तसाच परत आला. त्यानं म्हाताऱ्याच्या नडगीवर गुडघ्याखाली चार बोटं ठेवली. “हितनं काढायचा विचार आहे, चाचा. गुडघा राहील. पण आत उघडल्यावर मांस खराब निघालं तर वरनं काढावा लागेल. तसं होणार नाही असं सांगता येत नाही. ऑपरेशनमध्ये जिवाला धोका आहे. नाही केलं तर जास्त आहे. नाही म्हणायचं असलं तर म्हणा, औषधं चालूच राहतील. कुणी रागावणार नाही.” शेवटचं वाक्य खोटं होतं, पण मोहित्यांचा राग त्यानं मनातल्या मनात स्वतःकडे घेतला.

कुतुबुद्दीनची बोटं चादरीवर होती, पण स्थिर.

“आधी खाली बघा,” तो म्हणाला. “चांगलं निघालं तर गुडघा ठेवा. न्हाय निघालं तर वर जावा. पर आधी खाली बघा.”

“मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

“पाय मेलाय. ठेवला तर मी मरणार. काढला तर काठी घेऊन फिरणार. सुरीखाली पण मरायला हुईल. आधी खाली बघायचं.” मग बायकोकडं वळून, “ह्यो पोरगा एकच गोष्ट किती येळा इचारतोय? ह्याच्या डोक्यात काय बिघाड हाय का?”

साडेनऊला आकाराम परत गेला आणि तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत, उलट्या क्रमानं विचारले. ‘ठेवायचा का’ आधी विचारलं. उत्तर तेच आलं. मग तो खिडकीशी बसला आणि अडीच पानं लिहिली. वेळ, हजर माणसं, भाषा, काय सांगितलं, त्यानं काय उत्तर दिलं, त्याच्याच शब्दांत: ‘आधी खाली बघा’, अवतरणचिन्हात. ‘साल सांगता येत नाही, विसर कायम. परंतु या निर्णयासाठी लागणारी माहिती समजते, निर्णयापुरती लक्षात ठेवतो, फायदा-तोटा तोलतो, कारण देतो, पर्याय सांगतो, दीड तासानंतरही तोच सांगतो. आज या वेळी, या शस्त्रक्रियेस संमती देण्यास समर्थ.’ खाली सही, वेळ ९.५०, आणि साक्षीला सिस्टर मार्था.

मोहित्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. “साल सांगता येत नाही आणि समर्थ?”

“सर, पाय काढायला साल कशाला लागतंय?”

हे आपण बोललो यावर आकारामचाच विश्वास बसला नाही. मोहित्यांनी पानं उलटून पुन्हा पहिल्यावर आणली. मग म्हणाले, “म्हणजे एवढा उपद्व्याप केलास, आणि उत्तर काल सकाळी मला मिळालं होतं तेच.”

“तेच नाही, सर. आता त्यात एक अट आहे.”

बाळासो पॅड घेऊन आला आणि सवयीनं म्हाताऱ्याचा हात धरला. कुतुबुद्दीननं तो झटकला. “सोड. मला सही येतीय.” त्यानं फॉर्मवर उजवीकडून डावीकडे, सावकाश, उर्दूत नाव लिहिलं. बाळासोनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि सिस्टरला विचारलं, “ही सही धरायची का रेघोट्या?” ऑफिसला वाचता येणार नाही म्हणून शेवटी त्याखाली अंगठाही घेतला. या वेळी त्यानं ‘पावणं’ म्हटलं.

खाली मांस चांगलं निघालं. गुडघा राहिला.

पाचव्या दिवशी, ताप उतरल्यावर, कुतुबुद्दीननं चादर उचलून बघितलं आणि आकारामला विचारलं, “डाक्टर, माझा पाय कुणी नेला?”

“तुम्हीच होकार दिलात, चाचा.”

“मी? मी असला येडा हाय व्हय?”

आकारामनं धावत जाऊन केसपेपर आणला आणि कॉटशी उभा राहून त्याला वाचून दाखवलं: पाय मेलाय, ठेवला तर मी मरणार, आधी खाली बघा. म्हाताऱ्यानं चष्म्यातून ऐकलं. मान डोलावली.

“कोण म्हणालं हे?”

“तुम्ही.”

“बरं बोललाय माणूस,” कुतुबुद्दीन म्हणाला, आणि गुडघा हलवून बघू लागला.

महिनाअखेरीस रेकॉर्डचे कारकून आण्णा शिंद्यांनी केसपेपरवरून ऑपरेशनचं रजिस्टर भरलं. त्यातल्या ‘संमती कुणाची’ या रकान्याची रुंदी एक इंच होती. त्यात त्यांनी, दर म्हाताऱ्यापुढे लिहीत तसं, लिहिलं: ‘मुलगा.’